खाते नावावर, पासबुक कोणाकडे?

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि असंख्य घरांतले एक गुपित उघडे पडले. तांदळाच्या डब्यात, लुगड्याच्या घडीत, देवघराच्या फळीमागे बायकांनी वर्षानुवर्षे जपलेले पैसे बाहेर काढावे लागले. बँकेच्या खिडकीवर थोडेच पैसे बदलून मिळत होते, बाकीचे खात्यात भरायचे होते, आणि अनेक घरांत खाते पुरुषाचे होते. अडीअडचणीला, माहेरच्या लग्नाला, मुलीच्या फीला म्हणून ठेवलेले ते पैसे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात गेले. सगळेच परत आले असे नाही. बाईला बचत शिकवावी लागते, हा समज त्या रात्रीनंतर तरी कोणी बाळगू नये. बचत होतीच, तिच्यावर तिचे नाव नव्हते.

बचत गटाच्या सभेत ‘स्वतःचे खाते काढा, थोडे थोडे गुंतवा’ असे भाषण करायला जो कोणी उभा राहतो, त्याने सुरुवात इथून करावी असे मला वाटते. एरवी ही भाषणे ठरावीक वाटेने जातात. थेंबे थेंबे तळे साचते, बाई शिकली की घर शिकते, टाळ्या, नारळ, चहा. सभा उठते आणि सचिव पुन्हा रजिस्टर उघडून हप्ते घ्यायला लागते.

त्याहून वेगळे भाषण मी एका बँक सखीचे ऐकले. बँक सखी म्हणजे गटांतलीच एक बाई, जी शाखेत बसून बायकांची कामे करून देते. तिने उपदेश केला नाही, फक्त हात वर करायला सांगितले. “खातं कोणाकोणाचं आहे?” सगळे हात वर. “पासबुक स्वतःच्या पेटीत कोणाचं आहे?” निम्मे हात खाली. “खात्याला जोडलेला मोबाइल नंबर स्वतःचा कोणाचा?” आता मोजकेच हात राहिले. “आणि मागच्या सहा महिन्यांत खात्यातून स्वतः जाऊन पैसे काढलेत असं कोण?” एक आजी आणि एक अंगणवाडीची मदतनीस, एवढ्याच. मग ती म्हणाली, “बायांनो, खातं तुमचं नाही. नाव तेवढं तुमचं आहे.”

तिचे म्हणणे आकडेवारीच्या वरवरच्या चित्राआड दडलेले आहे. ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना आली, शून्य शिलकीची खाती निघाली, आणि कागदावर ग्रामीण बाई बँकेत पोचली. पण खात्याला जोडलेला नंबर मुलाचा असेल तर पैसे आल्याचा मेसेज मुलाला येतो, ओटीपीही त्यालाच येतो. एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात आणि पिन त्याला पाठ. दोन वर्षे खात्यात कुणीच काही व्यवहार केला नाही, तर बँक ते खाते निष्क्रिय ठरवते. ते चालू करायला पुन्हा केवायसी, पुन्हा आधार, पुन्हा रांग.

2024 च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या निमित्ताने हे सगळे एकदम वर आले. पैसे बाईच्याच खात्यात येणार होते आणि ते खाते आधारशी जोडलेले हवे होते. इथे एक बारकावा बऱ्याच जणींना कळला नव्हता. सरकारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यातच पडते असे नाही; आधार शेवटचे ज्या बँकेशी संलग्न झाले आहे, तिथे ती जाते. त्यामुळे कुणाचे पंधराशे माहेरच्या गावी काढलेल्या आणि विसरलेल्या खात्यात पडले. काही बँकांनी किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडाची थकबाकी आलेल्या पैशातून कापली. शाखेत जाऊन दोन गोष्टी विचारल्या असत्या तर हे टळले असते: माझे आधार कोणत्या बँकेला जोडले आहे, आणि माझे खाते साध्या बचतीचे आहे की शून्य शिलकीचे. शून्य शिलकीच्या मूळ बचत खात्यात पैसे नाहीत म्हणून दंड लावता येत नाही, आणि असे खाते मागणे हा कुठल्याही बाईचा हक्क आहे.

रक्कम लहान आहे म्हणून बाईला बँकेतून परत पाठवायची रीत जुनी आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक 1997 मध्ये उभी राहिली, ती याच अनुभवातून. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते आणि बँका तिचे खाते काढायला तयार नव्हत्या. चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले, तर बहुतेक प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला प्रस्ताव फेटाळला. बायका अक्षरे शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्ही शिकलो नाही कारण गावात शाळा नव्हती, पण व्याज तोंडी काढून दाखवतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले.

गटातल्या बाया अशा सभेत एक शंका काढतातच, आणि ती रास्त आहे. “आमचे पैसे गटात आहेत की! वेगळं खातं कशाला?” तिचे उत्तर बहुतेक वक्ते टाळतात, कारण ते गटाच्या विरोधात जाईल अशी त्यांना भीती वाटते. मला ती भीती अनाठायी वाटते. बारा जणींचा गट आहे, दरमहा शंभर रुपये बचत आहे, असे धरू. महिन्याला बाराशे, वर्षाला 14,400. हे पैसे बँकेत पडून राहत नाहीत, गटातच कर्जाऊ फिरतात. अनेक गटांत व्याज महिना दोन टक्के असते आणि ते व्याज पुन्हा गटाचेच होते. परताव्याच्या दृष्टीने हा पैसा पोस्टापेक्षा सरस वाढू शकतो, हे मान्य करायला हवे. पण ज्या दिवशी पोराला दवाखान्यात न्यायचे आहे, त्या दिवशी तो पैसा कुणाच्या शेळीत असतो, कुणाच्या शिलाई मशीनमध्ये असतो. गटाचे खाते अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघींच्या सह्यांनी चालते. तुमची बचत मागायची तर गट सोडावा लागतो, आणि गट मोडला तर हिशेब रजिस्टर जितके खरे, तितकाच खरा. गटातला पैसा कर्ज मिळण्यासाठी आहे, आणि तिथे तो उत्तम आहे. मागितल्या क्षणी स्वतःच्या सहीवर मिळणारा पैसा वेगळा हवा.

त्यासाठी पोस्टाची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, हा गावातल्या बाईला सर्वांत सोपा रस्ता आहे. कमीत कमी शंभर रुपये महिना, पुढे दहाच्या पटीत, मुदत पाच वर्षे. ऑक्टोबर 2023 पासूनचा 6.7 टक्के दर धरला तर शंभराच्या आरडीत साठ महिन्यांत 6,000 रुपये भरले जातात आणि हातात सुमारे 7,137 येतात. पाचशेची असेल तर तीस हजारांचे 35,683 च्या आसपास. ही श्रीमंत होण्याची वाट नाही आणि भाषणात तसे भासवूही नये. पण एक वर्षाचे हप्ते भरले की शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजाने. दारात येणाऱ्या कर्ज कंपनीचा दर विचारला की यातला फरक कळतो.

आरडी मोडते ती कुठे, हेही सांगायला हवे. मजुरीच्या बाईचे उत्पन्न बारमाही नसते. सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत हात भरलेला, आणि वैशाखात रिकामा. हप्ता चुकला की शंभरामागे रुपया दंड, तो काही मोठा नाही. पण चार हप्ते चुकले की खाते बंद पडते आणि दोन महिन्यांत ते चालू करून घ्यावे लागते. यावर नियमातच उपाय आहे आणि तो फार कमी जणींना माहीत असतो: हप्ते आगाऊ भरता येतात. सहा महिन्यांचे एकदम भरले तर शंभराच्या खात्याला दहा रुपये सूट, बारा महिन्यांचे भरले तर चाळीस. सुगीत वर्षाचे हप्ते टाकून मोकळे व्हावे. घरी येऊन हप्ते नेणारी अल्पबचत एजंट असेल तर तिचे कमिशन सरकार देते, तुम्ही तिला वेगळे काही द्यायचे नाही. मात्र तुमच्या कार्डावर तिची सही दर महिन्याला घ्या आणि अधूनमधून पोस्टात जाऊन पासबुकावर नोंद पडली का ते स्वतः पाहा.

आणखी एक खर्च मी गुंतवणुकीच्याही आधी धरते. वर्षाला 20 रुपयांत अपघात विमा आणि 436 रुपयांत आयुर्विमा, प्रत्येकी दोन लाखांचा, मिळतो आणि त्याचा हप्ता खात्यातून परस्पर कापला जातो. कापण्याची वेळ मे महिन्याच्या अखेरीस येते. त्या दिवशी खात्यात 456 रुपये नसले तर विमा तुटतो, आणि ते कळते बाई गेल्यावर, दाव्याचा कागद परत आल्यावर. म्हणून मेच्या सभेत हप्त्यांआधी हा विषय घ्यावा.

दामदुप्पट देणाऱ्याला ओळखायला एकच प्रश्न पुरतो: पोस्ट पाच वर्षांत हजाराचे दोन हजार करत नाही, तर तू कसे करणार? बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला तो नाही. ओळखीचा चेअरमन हे त्याचे उत्तर होत नाही. म्युच्युअल फंडाची छोटी एसआयपी घ्यायला माझी हरकत नाही, पण आरडी आणि विमा झाल्यावर, आणि पाच-सात वर्षे हात लावायची गरज नसलेल्या पैशातूनच.

खाते हातात आले की काय होते, याचा एक नीट तपासलेला दाखला शेजारच्या मध्य प्रदेशातला आहे. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी तिथे रोजगार हमीच्या बायकांचा अभ्यास केला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. काही बायकांना नुसती खाती मिळाली. काहींची मजुरी नवऱ्याच्या खात्याऐवजी थेट त्यांच्या खात्यात जाऊ लागली आणि ते खाते कसे वापरायचे हेही त्यांना शिकवले गेले. दुसऱ्या गटातल्या बायका अधिक काम करू लागल्या, सरकारी कामावर आणि बाहेरही. नुसत्या खात्याने ते घडले नाही.

नवरा काय म्हणेल, हा प्रश्न सभेत कुजबुजत विचारला जातो. त्याला लपवाछपवी हे उत्तर मला पटत नाही, पण बाईला घर ओळखीचे असते आणि निर्णय तिचा आहे. वक्त्याने तिच्या धाडसाची परीक्षा घेऊ नये. जिच्या घरी पासबुक ठेवणे धोक्याचे आहे, तिला ते बहिणीकडे ठेवण्याची मोकळीक हवी, आणि पिन मात्र कोणालाही, बँक सखीलाही, सांगायचा नाही.

गटांपुढे बोलायला जाणाऱ्या बँक अधिकाऱ्यांना, शिक्षकांना, ग्रामसंघाच्या ताईंना माझी विनंती आहे: भाषण दहा मिनिटांत आटपा. सोबत आरडीचे फॉर्म, मोबाइल नंबर बदलण्याचे अर्ज आणि वारसनोंदीचे फॉर्म घेऊन जा, सभेतच भरून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या बायकांबरोबर शाखेच्या खिडकीपर्यंत चला.