सूत्राची हद्द

१+२+३+… या बेरजेचं उत्तर उणे एक बारांश येतं, असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ वालचंदनगर-बारामतीकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या मोबाईलवरही फिरतात. रामानुजनने १९१३ मध्ये हार्डीला पाठवलेल्या पत्राचा दाखला जोडला की शंका घ्यायची सोयच उरत नाही. या व्हिडिओंतली नेहमीची पायरी म्हणजे १−२+३−४+… = १/४, आणि तिचं मूळ एका साध्या सूत्रात आहे:

1 + x + x² + … = 1/(1−x)

दोन्ही बाजूंचं विकलन करून x ने गुणलं की:

x + 2x² + 3x³ + … = x/(1−x)²

इथे x ला १/२ ही किंमत दिली की १/२ + २/४ + ३/८ + … = २. छाप पडेपर्यंत नाणं उडवायचं ठरवलं, तर सरासरी किती वेळा उडवावं लागेल, याचं उत्तर हेच.

ही बेरीज विकलनाने शोधलेली नाही. चौदाव्या शतकात स्वाइन्सहेड आणि ओरेम यांना ती ठाऊक होती. २/४ म्हणजे दोन चतुर्थांश, ३/८ म्हणजे तीन अष्टमांश. प्रत्येकातला एकेक तुकडा काढून मांडला तर पहिल्या ओळीत १/२+१/४+१/८+… = १. उरलेल्यांतून तसंच केलं की १/२, मग १/४, आणि या ओळींची बेरीज २. सगळी पदं धन असल्यामुळे ही फेरमांडणी बिनधोक आहे. विकलनाने तेच काम कोणत्याही x साठी एका झटक्यात केलं.

कोणत्याही? घोटाळा इथेच होतो. x = −१ घालून आलेलं उणे एक चतुर्थांश, चिन्हं बदलून, ऑयलरने १−२+३−४… ची किंमत मानली. पण तो आंधळा नव्हता. श्रेणी ज्या राशीतून उपजते त्या राशीची किंमत म्हणजेच बेरीज, अशी वेगळी व्याख्या त्याने १७५५ च्या ग्रंथात उघडपणे केली. आज व्याख्या गाळून फक्त उत्तर सांगितलं जातं.

पुढे आबेल आला, आणि त्याचं काम लोक निव्वळ काटेकोरपणाचा सोपस्कार समजतात. ते तसं नाही. १८२६ मधल्या पत्रात त्याने x/2 = sin x − ½ sin 2x + ⅓ sin 3x − … ही श्रेणी घेतली. पदशः विकलन केलं की ½ = cos x − cos 2x + cos 3x − … मिळतं, आणि उजवीकडची श्रेणी कुठेच स्थिरावत नाही. म्हणजे खऱ्या समीकरणाचं विकलन करूनही निरर्थक काही हाती लागू शकतं. आपली भूमिती श्रेणी |x| < 1 मध्येच सुरक्षित आहे. तिथे |x| आणि १ यांच्या मधला r घेता येतो. मग n·(|x|/r)ⁿ शून्याकडे जातं, आणि पुरेशा मोठ्या n साठी n|x|ⁿ हे पद rⁿ च्या आटोक्यात राहतं.

हद्द ओलांडल्यावर काय होतं, ते x = 2 घालून पाहावं. सूत्र पुन्हा २ च देतं, कारण x च्या जागी 1/x घातलं तरी x/(1−x)² बदलत नाही. म्हणजे २+८+२४+… = २! पहिल्या N पदांची बेरीज लिहिली की उलगडा होतो. x = 1/2 साठी ती 2 − (N+2)/2ᴺ असते, आणि x = 2 साठी 2 + (N−1)·2ᴺ⁺¹. तो २ दोन्हीकडे आहे. पहिल्यात दहा पदांनंतर त्यातून १२/१०२४ एवढंच वजा होतं. दुसऱ्यात दहाव्या पदालाच बेरीज १८,४३४ वर पोचलेली असते.