‘ताळा जुळला’ असं लिहायला कुणी सांगितलं?

पेनं खाली ठेवा आणि इकडे लक्ष द्या. व्याजाच्या कार्यपत्रिका तपासून आणल्या आहेत. दुसऱ्या उदाहरणाचे गुण बहुतेकांना मिळालेले नाहीत. आता लगेच हात वर होतील, ‘सर, उत्तर तर बरोबर आहे!’ उत्तर बरोबर आहे, मी पाहिलंय. ३१,४९२ रुपये ८० पैसे लिहून त्याखाली दोन रेघाही मारल्या आहेत. पण त्या उत्तरापर्यंत पोचायच्या ज्या ओळी आहेत त्या खोट्या आहेत, आणि खोट्या ओळींना मी गुण देत नाही.

उदाहरण काय होतं? २५,००० रुपये, दसादशे ८ दरानं ३ वर्षांसाठी. सरळव्याज काढा, चक्रवाढव्याज काढा. चक्रवाढव्याजाचं वर्षवार काम दाखवा आणि शेवटी सूत्रानं ताळा पाहा. यात न समजण्यासारखं काहीही नव्हतं. सरळव्याज तुम्ही सगळ्यांनी नीट काढलंत. दर वर्षी २,००० रुपये, तीन वर्षांचे ६,००० आणि रास ३१,०००. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

चक्रवाढीच्या पानावर मात्र काय केलंत ते बघा. ही पहिली कार्यपत्रिका. पहिल्या वर्षाचं व्याज २,०००, दुसऱ्याचं २,०००, तिसऱ्याचंही २,०००. आणि लगेच खाली, ‘तीन वर्षांनंतरची रास ३१,४९२.८०’. अरे, २५ हजारांत सहा हजार मिळवले की ३१ हजार होतात, हे चौथीतल्या मुलालाही कळतं. मग वरचे ४९२ रुपये ८० पैसे आले कुठून? कॅल्क्युलेटरवर सूत्र आधी केलं, तिथलं उत्तर उचललं आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात आणून बसवलं. वर ‘ताळा जुळला’ असं लिहून मोकळे झालात!

ही दुसरी. हिच्यातली चूक जास्त हुशारीची आहे, म्हणून मला तिचा जास्त राग आलाय. व्याज २,०००, मग २,१६०, मग २,३२०. दर वर्षी १६० रुपयांनी वाढवत नेलंय. बेरीज केली तर रास ३१,४८० येते. आधी तीच लिहिली होती, खोडल्याचं स्पष्ट दिसतंय. मग सूत्राचं उत्तर वेगळं आलं, तेव्हा ३१,४८० वर काट मारून त्याच्या डोक्यावर ३१,४९२.८० लिहिलं. वरच्या तीन ओळी तशाच राहिल्या. फरक १२ रुपये ८० पैशांचा होता. तो फरक तुझ्याशी बोलत होता, बाळ. त्याला एकच प्रश्न विचारला असतास, तर तुझी चूक कुठे आहे ते त्यानं बोट ठेवून दाखवलं असतं. तू त्याचं तोंड दाबलंस.

आता फळ्याकडे बघा. हे काम मी एकदाच करणार आहे.

पहिलं वर्ष: मुद्दल २५,०००. व्याज २५,००० × ८ ÷ १०० = २,०००. रास २७,०००.
दुसरं वर्ष: मुद्दल २७,०००. व्याज २७,००० × ८ ÷ १०० = २,१६०. रास २९,१६०.
तिसरं वर्ष: मुद्दल २९,१६०. व्याज २९,१६० × ८ ÷ १०० = २,३३२.८०. रास ३१,४९२.८०.

प्रत्येक ओळीत ‘मुद्दल’ का लिहायला लावतो मी? पान भरण्यासाठी नाही. आदल्या वर्षाची रास हीच पुढच्या वर्षाची मुद्दल, एवढ्याच एका गोष्टीनं चक्रवाढव्याज सरळव्याजापासून वेगळं होतं. पहिल्या कार्यपत्रिकेत मुद्दलाचा रकानाच नाही. म्हणून त्याच्या हातून तीन वेळा २५ हजारांवरच व्याज लावलं गेलं आणि त्याला ते कळलंही नाही.

तिसऱ्या वर्षाचं व्याज २,३२० नसून २,३३२.८० का, तेही समजून घ्या. दुसऱ्या वर्षी १६० रुपये जास्त मिळाले, ते पहिल्या वर्षाच्या २,००० व्याजावर ८ टक्क्यांनी. तिसऱ्या वर्षी व्याज मिळवून देणाऱ्या रकमेत मूळ २५ हजार आहेत, पहिल्या वर्षाचे २,००० आहेत, दुसऱ्या वर्षाचे २,००० आहेत आणि ते जादा १६० सुद्धा आहेत. पंचवीस हजारांचे २,०००, दोन्ही दोन-दोन हजारांचे १६० आणि १६०, आणि त्या जादा १६० रुपयांचे १२.८०. करा बेरीज. ज्यानं दर वर्षी १६० वाढवत नेले, त्यानं व्याजावरचं व्याज धरलं, पण त्या व्याजाला पुन्हा लागलेलं व्याज सोडून दिलं. तेच हे १२ रुपये ८० पैसे.

यातूनच तुमच्या हाती आणखी एक ताळा येतो. चक्रवाढव्याज ६,४९२.८०, सरळव्याज ६,०००, फरक ४९२.८०. हा फरक म्हणजे तीन वेळा १६० आणि वर १२.८०. सूत्राला हातही न लावता तुमचा तक्ता बरोबर आहे की नाही, हे इथेच कळतं.

आता सूत्र. A = P(1 + R/100)^N. म्हणजे २५,००० ला १.०८ नं तीनदा गुणायचं. १.०८ चा घन १.२५९७१२, आणि २५,००० × १.२५९७१२ = ३१,४९२.८०. तीन-चार जणांनी १.२५९७१२ चं १.२६ करून टाकलं, त्यांची रास ३१,५०० आली. सात रुपये वीस पैसे जास्त. मग त्यांनी काय केलं? तक्त्यातल्या शेवटच्या व्याजात ७.२० वाढवून २,३४० लिहिलं! तक्ता बरोबर होता, सूत्रातलं गुणोत्तर कापलं होतं, आणि बरोबर असलेल्याला चुकीच्यासाठी बिघडवलं. अर्ध्यातच दशांश कापायचे नाहीत. शेवटच्या उत्तरातच पैशापर्यंत आणायचं.

ताळा कशासाठी असतो? तुम्ही एका वाटेनं गेलात, मग वेगळ्या वाटेनं जाऊन त्याच ठिकाणी पोचता का, हे पाहण्यासाठी. दोन्ही वाटांनी काम स्वतंत्र व्हायला हवं. तक्ता आधी पुरा करायचा, त्याच्या खाली रेघ मारायची, मग सूत्र. सूत्राचं उत्तर आधी काढून तक्ता त्याच्याकडे ओढत नेलात, तर तो ताळा राहतच नाही, ती नक्कल होते. आणि उत्तरं जुळली नाहीत तर घाबरून खाडाखोड करू नका, आधी वजाबाकी करा. ४९२.८० कमी आलं तर मुद्दल पुढे नेलेली नाही. १२.८० कमी आलं तर व्याज सारख्या टप्प्यानं वाढवलंय. ७.२० जास्त आलं तर दशांश कापलेत. फरकाची रक्कमच चुकीचा पत्ता सांगते.

आता चौथं उदाहरण. रक्कम तीच, दर तोच, मुदत तीच, फक्त व्याजाची आकारणी सहामाही. इथे निम्म्या वर्गानं दर निम्मा केला, ८ चे ४ केले, आणि ओळी मात्र तीनच लिहिल्या. २६,०००, २७,०४०, २८,१२१.६०. सूत्रातही N च्या जागी ३ घातले, तिथेही २८,१२१.६० आले. ताळा जुळला, आणि या वेळी प्रामाणिकपणे जुळला. तरीही उत्तर चूक आहे.

हे नीट ऐका. तक्ता आणि सूत्र, दोन्हींत तुम्ही एकच चुकीची गोष्ट घातलीत, तर दोन्ही एकमेकांशी जुळणारच. ताळा आकडेमोडीतली चूक पकडतो. उदाहरण वाचण्यात झालेली चूक तो पकडत नाही. ती पकडायची कशी? तुमच्याच पानाच्या वरच्या भागात सरळव्याजाची रास पडलेली आहे, ३१,०००. मुद्दल, दर आणि मुदत तीच असताना, आकारणीचे टप्पे एकाहून जास्त असतील, तर चक्रवाढीची रास सरळव्याजाच्या राशीहून जास्तच यायला हवी. तुमची २८,१२१ आली. सरळव्याजाहूनही जवळजवळ तीन हजारांनी कमी! एकालाही शंका आली नाही? २८,१२१.६० ही रास बरोबरच आहे, पण ती दीड वर्षाची. तुम्ही अर्ध्या वाटेत थांबलात.

दर निम्मा केला की टप्पे दुप्पट करायचे. तीन वर्षांच्या सहा सहामाह्या, म्हणून सहा ओळी. शेवटची रास ३१,६३२ रुपये ९८ पैसे. ती वार्षिक आकारणीच्या ३१,४९२.८० हून १४० रुपयांनी जास्त आहे, आणि तशी असायलाच हवी, कारण इथे व्याज सहा महिने आधीच मुद्दलात जाऊन बसतं. काहीजणांनी उलट केलं. टप्पे सहा घेतले आणि दर आठच ठेवला, रास ३९,६७१ वर गेली. एवढी मोठी उडी बघून तरी थांबायला हवं होतं.

तिघांचे सहामाहीचे तक्ते ३१,६३२.९७ वर संपले आणि सूत्रानं ३१,६३२.९८ आलं. त्यांनी प्रत्येक ओळीत पैशापर्यंत पूर्णांकन केलंय, म्हणून एका पैशाचा फरक राहिला. तिघांपैकी एकीनं खाली लिहिलंय, ‘फरक १ पैसा, प्रत्येक ओळीतील पूर्णांकनामुळे’. पूर्ण गुण तिला दिले. बाकी दोघांनी ९७ चे ९८ करून टाकले, त्यांचे कापले.

बाहेरही हेच लागणार आहे. पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रावर व्याजाची चक्रवाढ वर्षाला होते, बँकेच्या मुदत ठेवीवर बहुधा दर तिमाहीला. नुसता दर वाचून रास काढणाऱ्याचं उत्तर चुकणार.

दुसरं आणि चौथं उदाहरण सर्वांनी पुन्हा करून आणायचं, ज्यांना गुण मिळालेत त्यांनीसुद्धा. प्रत्येक ओळीत मुद्दल, व्याज, रास. तक्त्याखाली रेघ. रेघेखाली सूत्र, घातांकाची किंमत पूर्ण दशांशांसह. त्याखाली सरळव्याजाच्या राशीशी तुलना. आणि शेवटी तक्ता आणि सूत्र यांतला फरक रुपये-पैशांत लिहायचा, शून्य असेल तर शून्य. फरक राहिला आणि त्याचं कारण सापडलं नाही, तर फरक तसाच ठेवा आणि पान माझ्याकडे आणा. ते पान मी तुमच्या शेजारी बसून तपासेन. खाडाखोड करून जुळवलेलं पान मी हातात घेणार नाही.