वारस नव्हे, आश्रित

मुलुंडला किंवा बोरिवलीला पुनर्विकासाच्या इमारतीची परांची कोसळून मजूर मेला की दोन-चार दिवस एकच चर्चा चालते: त्याची कुठे नोंद नव्हती, ओळखपत्र नव्हते, म्हणून कुटुंबाच्या हाती काही लागणार नाही. उपाय म्हणून लगेच नोंदणीची शिबिरे सुचवली जातात. नोंदणी वाईट नाही. पण हे निदान मालकाच्या वकिलाचा युक्तिवादच आपला म्हणून स्वीकारते. या क्षेत्रातला गाजलेला खटला आपल्याच उपनगरातला आहे. 1957 च्या जुलैमध्ये बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारात पाळी संपवून सांताक्रूझला घरी निघाला होता. बेस्टच्याच दुसऱ्या बसने जात असताना अंधेरीत घोडबंदर रस्त्यावर, उभ्या लॉरीवर बस आदळून तो जखमी झाला आणि काही दिवसांनी दगावला. कागदांची तिथे ददात नव्हती, नोकरी निर्विवाद होती. तरीही भरपाई आयुक्तांनी विधवेचा अर्ज फेटाळला, कारण पाळी संपली होती. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि 1963 मध्ये ‘बेस्ट विरुद्ध ॲग्नेस’मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मताने कायम केला. चालकांना बसने फुकट जाण्याची मुभा सेवा वेळेवर चालावी म्हणून दिलेली आहे, म्हणून तो प्रवास नोकरीचाच भाग, असे बहुमत होते. कागद असूनही वाद उरतोच, तर कागद नसल्याने दावा संपतो असे का मानायचे?

नोकरी सिद्ध करणे म्हणजे नेमणूकपत्र दाखवणे, ही समजूत हट्टाने खोडून काढायला हवी. आयुक्तांपुढचा दावा दिवाणी स्वरूपाचा असतो. तिथे संशयातीत पुरावा लागत नाही, कुठली बाजू अधिक संभवनीय एवढेच पाहिले जाते. जागेचा पंचनामा, पोलिसांनी घेतलेले सोबत्यांचे जबाब, शवविच्छेदनाचा अहवाल, मुकादमाची हजेरीची वही, शनिवारी मिळणाऱ्या खर्चीच्या मोबाइलवरच्या नोंदी, गेटवरचे रजिस्टर: हे सगळे मजुराने न जमवताही तयार झालेले असते. यातले निम्मे मालकाच्याच कपाटात असते हे खरे. म्हणूनच 1923 च्या भरपाई कायद्याच्या कलम 10-अ नुसार आयुक्त मालकाला नोटीस काढून तीस दिवसांत म्हणणे मागू शकत. बिल्डर ‘तो माझा नव्हे, ठेकेदाराचा माणूस’ म्हणाला तरी त्याच कायद्याचे कलम 12 त्याला सुटू देत नसे; बांधकाम हा त्याचाच धंदा असतो. खरी अडचण वेगळीकडे आहे. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीने रंगकाम ठेक्याने दिले असेल, तर रंगकाम हा सोसायटीचा धंदा नाही, असे म्हणायला जागा राहते आणि मग किरकोळ ठेकेदारालाच धरावे लागते. तिथे तो सापडणे आणि त्याचा विमा असणे महत्त्वाचे ठरते. राज्य विम्यात नोंद असलेल्यांचा रस्ताच निराळा, त्यांच्या आश्रितांना निवृत्तिवेतन मिळते. 1923 च्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या रचनेचा गाभा फारसा हलवलेला नाही.

रकमेचा हिशेब तर नोंदीवर आणखी कमी अवलंबून आहे. 2024 मध्ये तीस वर्षांचा मजूर दगावला आणि रोजी आठशे, महिन्याला सव्वीस दिवस असे धरले, तर मजुरी 20,800 होते. पण 3 जानेवारी 2020 पासून हिशेबासाठी कमाल मजुरी 15,000. तिचे निम्मे 7,500 आणि वयाचा गुणांक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. रोजी आठशे की सातशे, या वादाने आकडा हलत नाही. महिनाभरात पैसे न भरल्यास वर्षाला बारा टक्के व्याज चढते. तरी दहाव्या-बाराव्याला स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन दोन-तीन लाख देण्याची चाल थांबलेली नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. थेट दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची उचल सोडल्यास, भरपाईत मोजलीच जात नाही.

माझा आग्रह मात्र एकाच भेदावर आहे. दावा वारसांचा नसतो, आश्रितांचा असतो. विधवेला वारस दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावणारे हा भेद विसरतात. पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना अवलंबून होतो हे सिद्धच करावे लागत नाही. उलट कमावता सज्ञान मुलगा वारस असूनही आश्रित नसतो. वाद होतो तो अविवाहित मजुराच्या वडिलांचा. ‘गावी शेती आहे ना?’ असे उलटतपासणीत विचारले जाते आणि होय म्हणताच दावा ढासळला असे मानले जाते. वडिलांसाठी कायद्यात ‘पूर्णतः किंवा अंशतः’ असे शब्द आहेत. दोन एकर कोरडवाहू असूनही दर महिन्याला मुलाचे तीन हजार खात्यात येत असतील, तर पासबुकातल्या त्या ओळी पुरेशा आहेत.