sin nπx कुणी मागितलं होतं?

वह्या बंद करा आणि इकडे लक्ष द्या. काल रात्री तुमचे पेपर तपासले. निम्म्याहून जास्त जणांनी एकच गोष्ट लिहिलीय: y = sin nπx, λ = n²π², ‘हेन्स प्रूव्ह्ड’. प्रश्न न वाचता उत्तर लिहायची हिंमत कुठून येते तुमच्यात?

प्रश्न काय होता? -y″ = λy, 0 ते 1 च्या दरम्यान. डाव्या टोकाला y(0) = 0. उजव्या टोकाला y′(1) + y(1) = 0. ही दुसरी अट काही मी तुम्हाला छळायला घातलेली नाही. एक सळई आहे, तिचं डावं टोक बर्फात खुपसलंय, उजवं टोक हवेत उघडं आहे. त्या टोकाचं तापमान जितकं जास्त तितकी उष्णता तिथून बाहेर जाते, एवढंच ती अट सांगते. तुमचं sin nπx तिथे घालून बघा. x = 1 ला फलन शून्य, डेरिव्हेटिव्ह nπ किंवा उणे nπ. बेरीज शून्य होते का? नाही होत. म्हणजे तुम्ही दोन्ही टोकं बर्फात घातलीत आणि वर मलाच सांगताय की गणित सुटलं! उत्तर अटीत घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं तरी करायचं होतंत.

काही शहाण्यांनी अट नीट वापरली, पण पहिल्याच ओळीत ‘लेट λ = μ²’ लिहून मोकळे झाले. λ धन आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? मागच्या उदाहरणात होता म्हणून? मी अटीतलं एक चिन्ह बदलून y′(1) = y(1) दिलं असतं, तर λ = 0 हे चक्क आयगेनव्हॅल्यू निघालं असतं आणि y = x हे त्याचं फलन. घालून बघा, अट पाळली जाते. y′(1) = 2y(1) दिलं असतं, तर λ = -3.67 च्या आसपास एक ऋण आयगेनव्हॅल्यू मिळालं असतं. तुमच्या ‘लेट’मध्ये ही दोन्ही अलगद गायब झाली असती आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता.

आपल्या अटीत λ धनच आहे, पण ते सिद्ध करावं लागतं, आणि एका ओळीत होतं. समीकरणाला y ने गुणा, 0 ते 1 इंटिग्रेट करा, डावीकडे बाय पार्ट्स लावा. -y′(1)y(1) उरतं. अटीप्रमाणे y′(1) म्हणजे -y(1), तेव्हा ते झालं y(1)². म्हणजे

λ∫y² = ∫y′² + y(1)²

उजवीकडे दोन्ही पदं ऋण होऊच शकत नाहीत. ती एकदम शून्य व्हायची तर y′ सगळीकडे शून्य हवं, मग y स्थिर, आणि y(0) = 0 असल्यामुळे y सगळीकडेच शून्य. ते फलन आपण धरत नाही. म्हणून λ > 0. आता खुशाल λ = μ² लिहा, μ > 0 घ्या.

पहिल्या अटीने cos जातो, y = sin μx उरतं. दुसरी अट म्हणते μ cos μ + sin μ = 0. इथे cos μ शून्य असू शकत नाही, कारण तसं असतं तर sin μ सुद्धा शून्य व्हावं लागलं असतं, आणि दोन्ही एकदम शून्य कधीच होत नाहीत. म्हणून भागायला हरकत नाही: tan μ = -μ. याचं उत्तर सूत्रात बसत नाही, आकडे काढावे लागतात. आलेख काढा. y = -μ ही रेषा tan च्या प्रत्येक फांदीला एकदा छेदते. पहिलं मूळ π/2 आणि π यांच्यामध्ये, 2.0288. पुढचं 4.9132, मग 7.9787. पुढे पुढे ही मुळं (n - ½)π च्या जवळ सरकत जातात. पहिली आयगेनव्हॅल्यू साधारण 4.116, आणि तुमचं π² आहे 9.87. दुपटीहून जास्त फरक आहे, बाळांनो.

एका पेपरात पहिलं मूळ 90.63 आलंय. कॅल्क्युलेटर डिग्रीवर! आलेखाकडे एकदा बघितलं असतंत तर कळलं असतं की हा आकडा 1.57 आणि 3.14 च्या मध्ये बसत नाही.

आता मुख्य राग. लंबता सिद्ध करा म्हटलं, तर सगळ्यांनी पाठ केलेलं लिहिलंय: sin mπx आणि sin nπx यांच्या गुणाकाराचं इंटिग्रल शून्य, ‘वेल नोन’. पण इथे μ हे nπ नाहीतच! ते वेल नोन इथे लागूच होत नाही.

फलन कसं दिसतं हे विसरा. u आणि v ही दोन आयगेनफंक्शन घ्या, त्यांच्या λ आणि ν या वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यू. पहिलं समीकरण v ने गुणा, दुसरं u ने, वजा करा, इंटिग्रेट करा. बाय पार्ट्सनंतर आतलं सगळं कटतं आणि फक्त टोकं उरतात:

(λ - ν)∫uv = uv′ - u′v, x = 1 ची किंमत वजा x = 0 ची

x = 0 ला u आणि v दोन्ही शून्य. x = 1 ला u′ = -u, v′ = -v, म्हणून -uv + uv = 0. λ आणि ν वेगळे, तेव्हा इंटिग्रल शून्य. संपलं. sin चं नावही घ्यावं लागलं नाही.

‘सर, λ कॉम्प्लेक्स निघाला तर?’ हा प्रश्न एकीनेच विचारलाय, तिला पूर्ण मार्क. याच ओळीत v च्या जागी u चा कॉन्जुगेट घाला. अटी वास्तव आकड्यांच्या आहेत, म्हणून तोही त्याच अटी पाळतो आणि उजवी बाजू पुन्हा शून्य. |u|² चं इंटिग्रल शून्य नाही, म्हणून λ आणि त्याचा कॉन्जुगेट सारखे. λ वास्तव. खरं तर हे सगळ्यांत आधी यायला हवं, कारण वरचा λ > 0 चा पुरावा y वास्तव धरूनच चालतो.

सगळा जीव त्या टोकांच्या पदात आहे, म्हणून ते न लिहिता पुरावा पूर्ण झाला असं मी मानत नाही. ते पद शून्य होत नाही असंही घडतं. तारेच्या टोकाला एक वस्तुमान बांधा, अट होते y′(1) = λy(1). मग टोकाचं पद उरतं आणि शेवटी ∫uv + u(1)v(1) = 0 मिळतं. नुसतं इंटिग्रल शून्य नाही. ‘आयगेनफंक्शन ऑर्थोगोनलच असतात’ असं घोकणाऱ्याचं इथे गाडं अडतं.

आणखी एक. ∫sin²μx सगळ्यांनी ½ लिहिलंय. ते ½(1 + 1/(1 + μ²)) येतं. पहिल्या फलनासाठी 0.598. ½ धरून सहगुणक काढाल तर पहिलाच जवळजवळ वीस टक्के जास्त येईल.

उद्या सकाळच्या तासाला y′(0) = 0, y′(1) + y(1) = 0 या अटींवर सगळं करून आणा, टोकाचं पद मांडून. ज्याच्या वहीत ‘वेल नोन’ दिसेल, त्याची वही मी तिथेच परत करणार आहे.