कोऱ्या पानाचे दोन रंग

गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी असल्याने सभासदांनी मोबाईलवर स्कॅन केलेली शेअर सर्टिफिकेटे माझ्याकडे येत असतात. कधी पान कोरे, कधी कडेने कापलेले. सगळे ॲपला नावे ठेवतात. पान कसे बिघडले आहे हे नीट पाहिले, तर दोष कुठला ते बहुतेक वेळा कळते.

पान काळेकुट्ट असेल, तर कॅमेऱ्याने काही पाहिलेच नाही. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची कॅमेऱ्याची परवानगी तपासावी. तिथे सगळे ठीक दिसले, तरी अँड्रॉइड १२ पासून आणखी एक जागा आहे. स्क्रीनच्या वरून खाली ओढायच्या पट्टीत सगळ्याच ॲप्सचा कॅमेरा एकदम बंद करणारे बटण असते. ते चुकून दाबले गेले, तर परवानगी ‘दिलेली’ दिसते आणि ॲपला मात्र रिकामे चित्र मिळते.

पान पांढरेफटक असेल, तर कॅमेऱ्याचा संबंध नाही. हे काम ‘ब्लॅक अँड व्हाइट’ फिल्टरचे. तो प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढेच ठरवतो, त्यामुळे विटलेली निळी शाई पांढऱ्याच्या बाजूला जाते. सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतरणाच्या नोंदी असतात, जुन्या सेक्रेटरींनी हाताने लिहिलेल्या. नेमक्या त्याच पुसल्या जातात. रंगीत किंवा मूळ फोटो निवडला की त्या परत दिसतात.

खरी मेख कडा ओळखण्यात आहे. साधे ॲप कागद ओळखत नाही. रंगात एकदम फरक पडतो तिथे रेघ मानते आणि अशा चार रेघांचा चौकोन शोधते. सर्टिफिकेटला छापील नक्षीची ठसठशीत चौकट असते. पांढऱ्या टेबलावर ठेवले, तर कागदाची खरी कड टेबलात मिसळते आणि ॲप त्या चौकटीलाच कड समजते. आमच्या एका सभासदाच्या स्कॅनमध्ये समासातला सोसायटीचा अर्धा शिक्का असाच गेला होता. कापून आलेले पान इतके रेखीव होते की काही गेले आहे अशी शंकाही येऊ नये. गडद चादरीवर कागद ठेवला, आपोआप फोटो टिपणे बंद केले आणि चारही कोपरे बोटाने कागदाच्या टोकांपर्यंत ओढले, तेव्हा शिक्का पूर्ण आला. (ट्यूबलाइटखाली स्वतःची सावली कागदावर पडली, तर ॲप तिलाही कड मानू शकते.)

राहिला साठवण्याचा प्रकार. जेपीजीत प्रत्येक बाजूची वेगळी फाइल होते आणि पाठवताना मागची बाजू राहून जाते. पीडीएफमध्ये दोन्ही एकत्र राहतात. पण फाइल कुठलीही असो, बाहेर पाठवलेल्या कापलेल्या चित्रातून गेलेला समास पुन्हा काढता येत नाही. ॲपने मूळ फोटो जपला असेल, तर तिथेच कोपरे सरकवून फाइल नव्याने बनवावी लागते.

म्हणून सभासदांना विनंती आहे: पीडीएफ पाठवण्याआधी ती ॲपच्या बाहेर उघडा आणि मूळ सर्टिफिकेट शेजारी ठेवून समास व मागची बाजू ताडून पाहा.