तीस दिवसांचं पत्र

फसवून गळ्यात मारलेली विमा पॉलिसी परत करायला निघालेला माणूस रागात असतो, आणि रागात तो तक्रार लिहितो. एजंट काय बोलला, मॅनेजरनं कशी खात्री दिली, आपण किती विश्वास ठेवला, हे सगळं दोन पानं भरून येतं. पॉलिसी रद्द करून पैसे परत द्या ही मागणी त्यात कुठेतरी मधेच असते, कधी नसतेही. असं पत्र कंपनीत पोचलं की ते तक्रार विभागात जातं. तिथे चौकशी होते, एजंटचा खुलासा मागवला जातो, ‘ग्राहकाने सर्व अटी समजून सही केली होती’ असं उत्तर येतं, आणि तोवर फ्री-लूकची मुदत उलटून गेलेली असते. तक्रार खरी असूनही हक्क हातचा जातो.

फ्री-लूकला फसवणूक सिद्ध करावी लागत नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४च्या नियमांप्रमाणे पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत, अटी मान्य नसतील तर कारण लिहून पॉलिसी परत करता येते. मधल्या काळात तिच्यावर दावा केलेला नसावा, एवढंच. विम्याच्या व्यवहारात पैसे आधी जातात आणि कराराचा पूर्ण मजकूर नंतर घरी येतो, म्हणून ही मुभा ठेवली आहे. तोंडी काय सांगितलं गेलं याचा पुरावा मागितला असता, तर ही मुभा कुणाच्याच कामी आली नसती.

एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे समजण्यासाठी धरले आहेत. चिखलदऱ्यात चार खोल्यांचं लॉज चालवणारे एक गृहस्थ पावसाळ्याचा सीझन संपल्यावर जमलेली रक्कम एफडीत टाकायला खाली परतवाड्याला बँकेत जातात. तिथले साहेब म्हणतात, “भाऊ, एफडीत काय ठेवता? ५० हजार भरा, दहा वर्षं. विसाव्या वर्षी दुप्पट, लेखी गॅरंटी.” सह्या होतात. नंतर कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल येतो. साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, सगळ्याला ‘हो’ म्हणा. ३ नोव्हेंबरला स्पीड पोस्टनं पॉलिसी येते.

आता तिच्यातलं लाभाचं कोष्टक, ज्याला बेनिफिट इलस्ट्रेशन म्हणतात, ते उघडून पाहू. हमी असलेली रक्कम एका रकान्यात आहे: ५ लाख ५० हजार. त्यापुढे दोन रकाने आहेत, गुंतवणुकीवर ४ टक्के आणि ८ टक्के परतावा मिळाला असं गृहीत धरून काढलेले. पहिल्यात ६ लाख ८० हजार, दुसऱ्यात १० लाख. हे दोन्ही आकडे हमीचे नाहीत, असं त्याच पानावर छापलेलं आहे. साहेबांचं ‘दुप्पट’ आलं ते ८ टक्क्यांच्या रकान्यातून, आणि ‘गॅरंटी’ हा शब्द शेजारच्या रकान्यातून उचलून त्याला जोडला गेला.

दहा लाख खरोखर मिळाले तरी ते किती, हेही बघावं. दहा वर्षं दरवर्षी ५० हजार भरून विसाव्या वर्षाच्या अखेरीस १० लाख हाती येणं म्हणजे वर्षाला सुमारे साडेचार टक्के. ६ लाख ८० हजार आले तर जेमतेम दोन टक्के. हमीच्या साडेपाच लाखांवर तर एक टक्काही पडत नाही. यातला काही पैसा जोखमीच्या संरक्षणावर खर्च होतो हे खरं. पण या गृहस्थांनी संरक्षण मागितलंच नव्हतं, ते एफडी करायला गेले होते.

हेच पान पत्राला पुरेसं कारण देतं. साहेबांचं नावही घ्यायला नको. पत्र एवढंच असावं:

“विषय: फ्री-लूक कालावधीत पॉलिसी रद्द करून हप्ता परत मिळण्याबाबत. पॉलिसी क्र. अमुक. या पॉलिसीचा दस्तऐवज मला दि. ३ नोव्हेंबर रोजी मिळाला. मला विसाव्या वर्षी १० लाख रुपये हमीने मिळतील असे सांगण्यात आले होते. बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये हमीची रक्कम ५,५०,००० असून १० लाख ही रक्कम हमी नसलेली आहे. ही अट मला मान्य नाही. तरी फ्री-लूकच्या तरतुदीनुसार पॉलिसी रद्द करून भरलेला हप्ता सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावा. या पॉलिसीवर मी कोणताही दावा केलेला नाही.”

खाली सही आणि तारीख. सोबत मूळ पॉलिसी, ओळखपत्राची प्रत आणि रद्द केलेला चेक. पॉलिसीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स मात्र आधी काढून ठेवावी, कारण मूळ कागद गेल्यावर ते कोष्टक पुन्हा हाती येणार नाही.

‘रद्द करा’ आणि ‘फ्री-लूक’ हे दोन्ही शब्द विषयातच हवेत. त्याइतकीच महत्त्वाची ती पॉलिसी मिळाल्याची तारीख. वाद होतो तो बहुतेक वेळा तिच्यावरच. पॉलिसी पाकिटातून येण्याआधी ईमेलवरही येते, आणि मुदत मोजताना कंपनी ईमेलची तारीख धरू शकते. वरच्या उदाहरणात ईमेल २९ ऑक्टोबरला आला असेल, तर तीस दिवस ३ डिसेंबरला नव्हे, २८ नोव्हेंबरलाच संपतात. मेळघाटात कित्येकांचा ईमेल पत्ता फॉर्म भरणाऱ्यानंच तयार केलेला असतो आणि तो कधी उघडलेला नसतो. माझ्या मते या भागात मुदत हुकण्याचा हा सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून दोन तारखांपैकी आधीची धरून चालावं, आणि पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवावा.

पत्र त्याच साहेबांच्या हाती देऊ नये. ‘मी पाठवतो’ म्हणून ते टेबलाच्या खणात राहिलं, तर ते दिल्याचा पुरावा आपल्याजवळ उरत नाही. कंपनीच्या शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. चिखलदऱ्याहून तेवढ्यासाठी अमरावती गाठणं जमत नसेल, तर पत्राचा फोटो कंपनीच्या ग्राहकसेवेच्या ईमेलवर पाठवावा आणि मूळ कागद स्पीड पोस्टनं टाकून पावती ठेवावी. मग फोन येतील: थोडं थांबा, एक वर्ष भरून तर पाहा, याऐवजी दुसरा प्लॅन देतो. त्यांना उत्तर एकच द्यावं, की मागणी लेखी दिली आहे, काय सांगायचं ते लेखीच कळवा.

परत मिळताना हप्त्यातून तीनच गोष्टी कापता येतात: जितके दिवस विमा चालू होता तेवढ्या दिवसांची जोखमीची रक्कम, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च, आणि मुद्रांक शुल्क. पाच लाखांच्या विम्याचं मुद्रांक शुल्क शंभर रुपयांच्या घरात जातं. म्हणजे ५० हजारांतले बहुतेक सगळे परत येतात. साहेबांचं कमिशन किंवा ‘प्रोसेसिंग’ या नावाखाली काही कापलं गेलं, तर ते लेखी विचारावं. कंपनीनं विनंती मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे द्यायचे असतात.

मुदत गेलेली असेल तर मात्र तक्रारीचाच रस्ता उरतो, आणि तिथे पुरावा लागतो: साहेबांनी कागदावर लिहून दिलेले आकडे, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, ‘एफडी’ म्हटल्याचा एखादा उल्लेख. आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग नियामकाचं ‘बीमा भरोसा’, आणि कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपाल. अमरावती जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही चालत नाही. पण इथे प्रपोजल फॉर्मवरची आपली सही आणि व्हेरिफिकेशन कॉलवरचं ते ‘हो’ आपल्याच विरुद्ध मांडलं जातं. तीस दिवसांच्या आत दिलेल्या पत्राला त्या दोन्हींची बाधा होत नाही.