जूनचा आकडा किती वेळा वाचायचा?

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा रोजगार अहवाल सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, तिथल्या सकाळी साडेआठला येतो. भारतात तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात वाजलेले असतात. बँका आणि संशोधन संस्थांचे डॅशबोर्ड त्यावर चालतात. साहजिकच, 'दर पहिल्या शुक्रवारी नवा आकडा आणून तक्त्याच्या शेवटी जोडा' असं वेळापत्रक लावून मोकळं व्हावंसं वाटतं. २०२५ सालाने या पद्धतीतल्या दोन्ही त्रुटी उघड्या पाडल्या.

पहिली त्रुटी फेरबदलाची. जून २०२५ मध्ये १ लाख ४७ हजार नोकऱ्या वाढल्या, असं जुलैच्या सुरुवातीला जाहीर झालं. १ ऑगस्टच्या अहवालात जूनची ही वाढ १४ हजारांवर आली आणि ५ सप्टेंबरला तर नोकऱ्या १३ हजारांनी घटल्याचं दिसलं. यात लपवाछपवी नाही. पाहणीतल्या अनेक कंपन्या पहिल्या अहवालाच्या मुदतीत माहिती देत नाहीत. ती पुढच्या दोन महिन्यांत येत राहते आणि हंगामी चढउतारांचं गणितही नव्याने मांडलं जातं. मात्र नुसती शेवटची ओळ जोडणाऱ्या तक्त्यात जून कायम १ लाख ४७ हजारांवरच अडकून राहतो. म्हणून प्रत्येक रिफ्रेशला ताज्या महिन्यासोबत मागचे दोन महिनेही पुन्हा आणावे लागतात. जानेवारीचा अहवाल येतो, तेव्हा वार्षिक फेरजुळणी होते. त्या वेळी हंगामी समायोजित मालिकेची मागची पाच वर्षं नव्याने घेतलेली बरी.

दुसरी त्रुटी उशिराची.

१ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकी सरकारचं कामकाज ठप्प झालं. ३ ऑक्टोबरला अपेक्षित असलेला सप्टेंबरचा अहवाल थेट २० नोव्हेंबरला आला. मधल्या काळात घड्याळावर चालणारा रिफ्रेश 'यशस्वी' झाला असणार, पण त्याने आणला तो ऑगस्टचाच जुना आकडा. डॅशबोर्डवर 'आज अद्ययावत' आणि खाली शिळी माहिती, ही सर्वांत फसवी स्थिती. कारण कुठेच लाल खूण दिसत नाही. त्यामुळे घड्याळाने फक्त विचारणा करावी. स्रोतातला सर्वांत ताजा महिना आपल्याकडच्या महिन्यापेक्षा पुढचा असेल, तरच नवा अहवाल आला असं मानावं. नसेल, तर ठरावीक अंतराने पुन्हा विचारावं आणि अपेक्षित तारीख उलटली की माणसाला कळवावं.

ऑक्टोबरच्या बेरोजगारी दराची गोष्ट याहून वेगळी. त्या महिन्याची घरोघरची पाहणीच झाली नाही, त्यामुळे तो दर उशिरानेही यायचा नाही. तिथे शून्य भरलं किंवा सप्टेंबरचा दर पुढे ओढला, तर आलेख खोटा ठरतो. जागा रिकामी ठेवून शेजारी कारण नोंदवणं, हाच प्रामाणिक उपाय.

नोंदीत दोन तारखा हव्यात : आकडा कोणत्या महिन्याचा आणि तो केव्हा प्रसिद्ध झाला. सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचा ALFRED हा संग्रह अशाच जुन्या आवृत्त्या जपतो. जुलै २०२५ मध्ये घेतलेला एखादा निर्णय आज तपासायचा, तर निर्णय घेणाऱ्यापुढे १ लाख ४७ हजार हाच आकडा होता, हे अशा नोंदीतूनच कळतं.